खाडा, ब्लाउज आणि नागपूरचं लग्न

“ताई, माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न आहे, मे महिन्यात, नागपूरला. आम्ही भोसरीत राहतो. हे म्हणतात, दहा हजारांत सगळं होतं. मला माहीत आहे, होत नाही. मागच्या लग्नाहून आलो तर तीन महिने भिशीचा हप्ता चुकला. एकुलती एक आत्या मी, न जाऊन कसं चालेल? पण खर्च धरायचा तरी कसा?”

ती आली तेव्हा लग्नाला सात आठवडे होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मी पहिल्यांदा तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं आणि दहा हजार कुठून आले ते विचारलं. त्याचा हिशोब चूक नव्हता, अर्धा होता. रेल्वेचं स्लीपरचं तिकीट माणशी ५०० धरून चौघांचे जाऊन-येऊन ४,०००, आणि आहेराचे ५,१००. म्हणजे खिशातून एकरकमी काढून द्यावे लागतात तेवढेच पैसे त्याने मोजले होते. जे महिनाभर थोडे थोडे निसटतात, किंवा जे यायचे राहून जातात, ते त्याच्या लेखी खर्चच नव्हते.

मग आम्ही वही घेतली. लग्न शुक्रवारी, हळद गुरुवारी संध्याकाळी. बेत असा की बुधवारी निघायचं आणि रविवारी परत यायचं. येतानाच्या गाडीला तेव्हाच वेटिंग होतं, म्हणजे खासगी ट्रॅव्हल्स. लग्नसराईत तिचे माणशी २,००० पडणार होते. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. रेल्वेत पाच वर्षांवरच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट लागतं, हे आईवडील हमखास विसरतात. जाताना २,०००, येताना ८,०००, रिक्षा आणि वाटेतलं खाणंपिणं १,५००. प्रवासच ११,५०० वर गेला. कपड्यांचे ९,५००. आहेर आणि वहिनीची साडी मिळून ६,६००. पार्लर, मेंदी, मुलांचे हट्ट यांचे १,२००.

आता खाडा. तो कंत्राटी कामगार, रोज ७५०. भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांसारखी त्याचीही सुट्टी गुरुवारी, म्हणून पाच दिवसांत खाडे चार, म्हणजे ३,००० रुपये. तो म्हणाला, “मॅडम, एवढं तर मलाही कळतं.” मी त्याची पगाराची स्लिप मागितली. तिच्यात हजेरी भत्त्याचे १,५०० वेगळे दिसत होते, आणि महिन्यात एकापेक्षा जास्त खाडा झाला की तो पूर्ण जातो. म्हणजे चार खाड्यांची किंमत ४,५००. (ज्यांना भरपगारी रजा आहे त्यांनी इथे रोख तोटा धरू नये. मात्र उरलेल्या रजेचे पैसे मिळत असतील, तर तेवढा धरावा.)

तिच्या कामाची ओळ वहीत नव्हतीच. विचारलं तर तो सहज बोलून गेला, “ती तर घरीच असते.” ती काही बोलली नाही, पिशवीतून एक जाड डायरी काढून माझ्यासमोर ठेवली. पानापानावर गिऱ्हाइकाचं नाव, माप, आणि कडेला टाचणीने टोचलेला कापडाचा तुकडा. ती ब्लाउज शिवते, आणि मे महिना म्हणजे तिचा सुगीचा काळ. लग्नासाठी गाव सोडायचं तर नऊ ब्लाउजना नाही म्हणावं लागणार होतं. अस्तर, दोरा, हुक वजा जाता एकामागे २५० सुटतात. म्हणजे २,२५०. इथे मी एक पथ्य पाळायला सांगते: जे गिऱ्हाईक आठवडाभर थांबायला तयार आहे, ते काम बुडालेलं नसतं, पुढे ढकललेलं असतं. दुसरीकडे जाणारं तेवढंच बुडीत धरायचं.

बेरीज ३५,५५० झाली. दोघंही गप्प झाले. मग त्याच्या तोंडून अपेक्षित वाक्य आलं, “आहेर कमी करू.”

मी आहेराला हात लावू दिला नाही. पत्रिकेवर “कृपया आहेर आणू नये” छापलेलं होतं, पण ती ओळ आत्यासाठी नसते. तिच्या आहेराच्या वहीत मुलाच्या मुंजीच्या पानावर भावाच्या नावापुढे ५,००१ लिहिलेले होते. ते देणं आधीचंच आहे, या लग्नाने वाढलेलं नाही. आणि कापून कापून कापणार किती? दोन हजार. त्यापायी माहेरी वर्षभर मान खाली घालायची.

वाचणार ते दिवसांत आणि माणसांत. कोण किती दिवस जातं, यावर खाडेही ठरतात आणि तिकिटंही. त्यामुळे चौघांनी एकत्रच यायचं हा आग्रह सोडला. बुधवारी तो पहिली पाळी करून साडेतीनला सुटेल आणि संध्याकाळच्या गाडीने सगळे निघतील. शुक्रवारी लग्न लागलं, जेवणं झाली की तो एकटा ट्रॅव्हल्सने निघेल, तिकीट २,२००. शनिवारी सकाळी पोहोचून दुसऱ्या पाळीला जाईल, सहकाऱ्याशी पाळी बदलून घेऊन. खाडा फक्त शुक्रवारचा, भत्ता शाबूत. महागाचं तिकीट इथे स्वस्त पडत होतं. मुलांना सुट्टी असल्याने ती तिघं सोमवारच्या गाडीने येतील. त्या गाडीला जागा होती आणि आरक्षण ६० दिवस आधी खुलत असल्याने लगेच मिळाली. तिचे तीन ब्लाउज आणखी बुडणार होते, तेही लिहिले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तो पर्याय मी सुचवून पाहिला, पण एवढा लांबचा प्रवास बसून करायला ती तयार नव्हती. मीही झाले नसते.

कपड्यांचं तिनेच मार्गी लावलं. मुलीच्या २,८०० च्या घागऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “पुढच्या वर्षी हा तिला होणारच नाही.” जुन्या साडीचा घागरा तिने स्वतः शिवायचं ठरवलं, आणि स्वतःला कपाटातल्या पैठणीवर नवा ब्लाउज. कपडे ३,००० वर आले. प्रवास ७,२००, खाडा ७५०, तिचं बुडीत काम ३,०००, आहेर आणि किरकोळ खर्च तसेच. एकूण २१,७५०. जवळजवळ चौदा हजार कमी, आणि लग्नात कोणाला काही जाणवलंही नसतं.

जूनमध्ये ती परत आली ती वही घेऊनच. शुक्रवारची ट्रॅव्हल्स आधी दोन तास उशिरा सुटली, मग वाटेत बिघडली. तो संध्याकाळी सहाला घरी पोहोचला. दुसरी पाळी गेली, दुसरा खाडा पडला, भत्ताही गेला. २,२५० चा फटका. चूक माझीही होती. सगळी बचत एका गाडीच्या वेळेवर टांगून ठेवली आणि ती उशिरा आली तर काय, याची ओळच वहीत घातली नाही. त्याने हळदीनंतर गुरुवारी रात्रीच निघावं, असा बेत मी कधीच सुचवला नसता, पण मुहूर्त दुपारचा होता. अक्षता पडताच चारच्या गाडीत तो बसला असता, तर हाताशी तीन तास जास्त राहिले असते.

२४,००० झाले एकूण. भिशीचा हप्ता मात्र या वेळी वेळेवर गेला. डिसेंबरात कोल्हापूरला त्याच्या चुलतभावाचं लग्न आहे. पत्रिका आली तेव्हा, ती सांगत होती, त्याने पहिल्यांदा कॅलेंडर काढून वार पाहिला आणि विचारलं, “तुझे किती ब्लाउज आहेत त्या आठवड्यात?”