थकलेल्या बिलाचे हप्ते करून देताना

प्रश्न : जुन्या ग्राहकाकडे सहा लाखांचं बिल चार महिने अडकलंय. तो म्हणतो, हप्त्याने देतो. मान्य करू का? आणि कागदावर काय लिहून घेऊ?

करा, पण पहिला हप्ता सहीच्या दिवशीच खात्यात आला पाहिजे. त्या दिवशीही ज्याच्याकडून काही निघत नाही, तो पुढच्या महिन्यात देईल यावर मी तरी विसंबणार नाही.

मी एकदा एवढ्याच रकमेचे हप्ते बांधून दिले होते. सहीला 1,20,000 आणि नंतर दर महिन्याच्या 5 तारखेला 80,000, असे सहा. कागदाचं पहिलं वाक्य मात्र हप्त्यांचं नव्हतं. बिल क्रमांक, तारीख लिहून ‘हे सहा लाख आम्ही देणं लागतो, मालाबद्दल तक्रार नाही’ असं त्याच्याकडून लिहून घेतलं. हे राहिलं, तर चौथ्या महिन्यात अचानक माल खराब निघतो. त्याखाली तक्ता : तारीख, रक्कम, उरलेली बाकी. ‘दर महिन्याला जमेल तसं’ असलं काही त्यात येऊ देऊ नका.

हप्ता चुकला तर काय, यात लोक दंडाचा मोठा आकडा टाकतात. अवाच्या सवा दंड कोर्टात टिकेलच असं नाही. मी उलटं केलं. मूळ बिलावरच उशिराच्या व्याजाची अट होती, तोवरचं व्याज 24,000 झालं होतं. ते देणं आहे हे कबूल करून घेतलं आणि सगळे हप्ते वेळेवर आले तर सोडून देईन असं लिहिलं. चुकवलं तर सवलत जाते, नवा दंड लागत नाही. शिवाय हप्ता पाच दिवसांत आला नाही आणि लेखी कळवूनही पुढच्या सात दिवसांत भरला नाही, तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय. ही अट नसेल तर एका चुकलेल्या हप्त्यासाठी फक्त त्या हप्त्याचीच मागणी करता येते, बाकीच्यांसाठी त्यांच्या तारखांची वाट बघावी लागू शकते.

एवढं करूनही मी एक चूक केलीच. तिसरा हप्ता नऊ दिवस उशिरा आणि निम्माच आला, 40,000. मी गुपचूप जमा करून घेतला. चौथ्यालाही तेच, आणि वर ऐकवलं, ‘मागच्या वेळी तुम्हाला चाललं होतं की!’ तेव्हा जागा झालो. त्याच दिवशी ईमेल केला : 40,000 मिळाले, बाकी कायम, उशीर मान्य नाही, करारातले सगळे हक्क राखून. तेव्हापासून उशिरा आलेल्या प्रत्येक रकमेला हाच मजकूर जातो. ‘एकदा सूट दिली म्हणजे हक्क सोडला असं नाही’ हे करारातही असू द्या, पण त्यावर विसंबून गप्प बसू नका.

त्याच्या नव्या ऑर्डरी चालू असतील तर त्या आगाऊ पैशांवरच घ्या, आणि कोणतं पेमेंट जुन्या बिलाचं हे दर वेळी लिहून मागा. माझ्याकडे एक हप्ता नव्या बिलात वळता झाला होता, तो हिशेब सोडवायला दोन आठवडे गेले.