सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मागतीयस ना, मग आधी हे वाच

काल रात्री तुझा अर्जाचा मसुदा वाचला. खरं सांगू का, मी मालकांच्या जागी असते तर नाहीच म्हटलं असतं. बहिणीचं पहिलं बाळंतपण आहे, ती जर्मनीत, आईला एकटीला विमानात बसवायची सोय नाही, हे सगळं मला कळतं आणि त्यांनाही कळेल. पण त्या अख्ख्या पानात फॅक्टरीचं काय होणार याबद्दल एक ओळ नाहीये गं. "१ नोव्हेंबरपासून ६ आठवडे बिनपगारी रजा मिळावी, ही विनंती", संपला अर्ज. बिनपगारी रजा हा आपला हक्क नसतो, मालकाच्या मर्जीचा विषय असतो, आणि कुपवाड एमआयडीसीतल्या फौंड्रीत अकाउंट्सला अडीच माणसं असताना त्यातलं एक पूर्ण माणूस सहा आठवडे गायब म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यापुढं काय येणार? तारखा. म्हणून आपणही तारखांपासूनच सुरुवात करायची.

तुझ्या टेबलावरच्या तारखा तुला पाठ आहेत, ७ ला टीडीएस भरणं, ११ ला विक्रीच्या बिलांचं जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटी भरायचं ३बी. आता १ नोव्हेंबरला निघालीस आणि १२ डिसेंबरपर्यंत राहिलीस तर मोज बरं, नोव्हेंबरच्या चारही तारखा बुडाल्या, वर डिसेंबरच्या ७ आणि ११ पण बुडाल्या, म्हणजे सहा. तेच २१ नोव्हेंबरला निघालीस आणि १ जानेवारीपर्यंत रजा घेतलीस तर दिवस तेच, ४२, पण मधे फक्त डिसेंबरचा एक फेरा येतो, कारण २० नोव्हेंबरला ३बी भरून तू निघतीस आणि २ जानेवारीला हजर होतीस, ७ च्या आधी. हे मी आयुष्यात उशिरा शिकले, लांब रजा नेहमी २१ ला सुरू करायची.

बहिणीची डॉक्टरनं दिलेली तारीख २५ नोव्हेंबर आहे म्हणालीस. तुला वाटतंय आधीच जाऊन बसावं, म्हणून तू १ तारीख धरलीस. पण बघ, ३७ व्या आठवड्यापासून ४२ व्यापर्यंत कधीही बाळ झालं तरी ते वेळेतच धरतात, म्हणजे ४ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर यातला कुठलाही दिवस. तारखेला नेम धरून कोणी जाऊ शकत नाही. आणि खरी मदत लागते ती घरी आल्यावर, रात्रीची जागरणं सुरू झाल्यावर. तिला तिकडं बाळंतपणाच्या आधी ६ आठवडे आणि नंतर ८ आठवडे कायद्यानं सुट्टी आहे, सुरुवातीला दाई घरी येऊन बघून जाते, आणि जावई आहेतच. बाळ लवकर आलं तर तू पोचशील तेव्हा ते दोन-अडीच आठवड्यांचं असेल, उशिरा आलं तरी हातात तीन आठवडे उरतात. बारसं डिसेंबरच्या मध्याला ठेवायला सांग, बाराव्या दिवसाचा हट्ट आईनं धरला तर मला फोन लावून दे तिला.

आता तुझ्या जागी कोण. तू लिहिलंयस "माझं काम सहकारी बघतील". कोण सहकारी? डिस्पॅचला बिलं करणारी ती मुलगी आहे ना, तिला बिलं कळतात, टॅली येतं, ती निम्मं काम आत्ताच करतीय. तिचं नाव घाल, पण आधी तिला विचारून घाल, आणि तिचं रोजचं काम त्या दिवसांत कोण करणार हेही घाल, नाहीतर खड्डा फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकतो. पगारपत्रक मात्र तिच्याकडं देऊ नको, सगळ्यांचे पगार तिला दिसतील आणि डिसेंबरभर तेवढाच विषय होईल, ते टाइम ऑफिसकडून हजेरी घेऊन मालकांच्या पुतण्यानं करायचं. ते दोनदा येईल हे विसरू नको, नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरअखेर.

आणि तिला नुसतं समजावून सांगून निघू नको. ७ ते २० नोव्हेंबरचा फेरा सगळा तिच्या हातानं होऊ दे, तू शेजारी खुर्ची टाकून बस आणि माउसला हात लावू नको. ती जिथं अडेल तेवढंच वहीत लिही, तीच तिची खरी नोंदवही, तू मनानं लिहिलेली वीस पानं कोणी वाचत नाही.

एक गोष्ट मात्र निघायच्या आधी स्वतः तपास, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो. मी पूर्वी जिथं होते तिथं आमच्या एका सहकाऱ्यानं पोर्टलवर स्वतःचा नंबर देऊन ठेवला होता, सोयीचं पडतं म्हणून, कोणाच्या लक्षातही नव्हतं. तो दक्षिणेकडं यात्रेला गेला आणि ११ तारखेला फोन लागेना. जीएसटीआर-१ पाच दिवस उशिरा गेलं. लेट फी दिवसाला ५० रुपये, ती काही मोठी नाही. पण १४ तारखेला गिऱ्हाइकांची क्रेडिटची यादी, ती २बी, तयार झाली त्यात आमची बिलंच नव्हती, त्यांचं त्या महिन्याचं क्रेडिट अडकलं आणि पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं आमचं पेमेंट रोखून धरलं. मालक लेट फीवर नाही चिडले, त्या पेमेंटवर चिडले. तेव्हा नंबर आणि ईमेल मालकांचे करून घे, ऑक्टोबरमध्येच, आणि ३१ डिसेंबरला वार्षिक रिटर्नची तारीख आहे त्याची आकडेवारी १५ नोव्हेंबरच्या आत सीएच्या ऑफिसला देऊन टाक.

तिकडून लॅपटॉपवर काम करीन असं लिहिलंयस ते आधी खोड. तू व्हिजिट व्हिसावर जाणार, त्या व्हिसावर काम करायची परवानगी नसते, आणि असा अर्ज व्हिसाच्या फाइलमध्ये कुठं लागला तर उगाच प्रश्न निघतील. शिवाय बाळंतिणीच्या घरात काम होत नसतं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा अर्धा तास फोनवर, शंका असतील तेवढ्या सांगेन, असं लिही. हिवाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागं असतात, आपल्या दुपारी साडेतीनला त्यांचे सकाळचे अकरा, ती वेळ दोघांना बरी.

व्हिसाचा एक गुंता आहे. तिकडं मालकांचं पत्र लागतं, लेटरहेडवर, रजा या तारखेपासून या तारखेपर्यंत मंजूर, त्यानंतर ही परत रुजू होणार. आणि मालक म्हणणार आधी व्हिसा आण मग बघू. म्हणून अर्जातच लिही की तत्त्वतः मंजुरी द्यावी, व्हिसा नाही मिळाला तर रजा आपोआप रद्द. व्हिसाचा अर्ज जायच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निकालाला साधारण १५ दिवस लागतात पण ४५ पर्यंत लांबू शकतो, आणि अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो तो वेगळाच. आत्ता जुलै आहे, म्हणजे घाई नाही पण आळसही नको. जावयांना तिथल्या सरकारी ऑफिसातून खर्चाच्या जबाबदारीचं अधिकृत पत्र काढायला सांग, त्याला जर्मनमध्ये फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात, हा शब्द मला तीन दिवसांनी पाठ झाला. ३०,००० युरोचा मेडिकल विमा तुझा आणि आईचा वेगवेगळा. पक्कं तिकीट मात्र व्हिसा हातात आल्यावरच, आणि तारीख बदलता येणारं घे.

पैशाचं बोलू. ३०,००० पगार म्हणजे दिवसाला हजार, ४२ दिवसांचे ४२,०००. तुझ्या १४ पगारी रजा शिल्लक आहेत, त्यातल्या १० वापर, ४ आल्यावर ताप-खोकल्याला ठेव. मग तोटा ३२,००० वर येतो. आता या १० रजा कुठं लावायच्या हे तू सांग, ऑफिस सवयीनं पहिल्या दहा दिवसांना लावेल, म्हणजे नोव्हेंबरचा पगार पूर्ण आणि डिसेंबरचा शून्य, आणि ५ जानेवारीला तुझ्या गाडीचा हप्ता बाउन्स. त्या डिसेंबरमध्ये टाकायला सांग, नोव्हेंबरला २०,००० येतील, डिसेंबरला १०,०००, एकूण तेवढेच पण हप्ता जातो आणि डिसेंबरचा पीएफही अगदी कोरा राहत नाही. आणि मंजुरी लेखी घे, तोंडी "जा गं पोरी" वर निघू नको. मस्टरवर मंजूर रजा असली की ग्रॅच्युइटीच्या सलग नोकरीत खंड पडत नाही, नुसती गैरहजेरी लागली तर उद्या कोणीतरी वाद काढतं. तुझी चार वर्षं झालीत, पाचव्यात असले घोळ नकोत.

लवचिकपणा कुठं दाखवायचा तेही ठरव. सगळीकडं "चालेल चालेल" म्हटलं की मालक सहाचे तीन आठवडे करतात. निघायची तारीख २१ च्या पुढं चार दिवस सरकली तर चालेल असं म्हण, परत यायची एक आठवडा अलीकडं आणता येईल असंही म्हण, पण चार आठवड्यांखाली उतरू नको.

अर्ज असा कर, बाकी भाषा तुझी:

"बहिणीच्या बाळंतपणासाठी आईसोबत जर्मनीला जाण्यासाठी २१ नोव्हेंबर ते १ जानेवारी अशी ४२ दिवसांची रजा हवी आहे, त्यात १० दिवस पगारी (डिसेंबरमध्ये धरावेत), बाकी बिनपगारी. या काळात डिसेंबरचा एकच रिटर्नचा फेरा येतो. त्याची जबाबदारी कोणाकडे, हे सोबतच्या तक्त्यात आहे, संबंधितांशी बोलणं झालं आहे. नोव्हेंबरचा फेरा त्यांच्याकडून माझ्यासमोर करून घेईन. व्हिसा न मिळाल्यास रजा रद्द समजावी. व्हिसासाठी लेटरहेडवर मंजुरीचं पत्र मिळावं."

ईमेलनं पाठवू नको लगेच. आधी केबिनमध्ये जाऊन बोल, तक्ता हातात घेऊन, आणि २० तारीख उलटल्यावर जा, त्या आधी त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं हे तुला माहितीये. तक्ता झाला की मला व्हॉट्सॲपला टाक. आणि आईला सांग तुपाचा डबा बॅगेत भरू नको, दुधाचे पदार्थ तिकडं विमानतळावर काढून घेतात, तूप तिथल्या इंडियन दुकानात मिळतं.