पासवर्डवाली गुल्लक, व्यापारचा डाव की साधी बरणी?

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला मुलाला ३८० रुपये बोजारा मिळाला, त्याने दोन दिवसांत सगळा उडवला. आता पुढच्या महिन्यात त्याला ६ वर्षं पूर्ण होतात. वाढदिवसाला ती पासवर्डवाली एटीएम गुल्लक ९०० रुपयांना मिळते ती घेऊ, की व्यापारचा खेळ, की सरळ त्याच्या नावाने बँकेत खातं उघडू? बजेट २००० आहे. – एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

ताई, पहिले तर बोजाऱ्याचं मनाला लावून घेऊ नका. दिवसभर लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरलेल्या पोराच्या हातात एकदम ३८० रुपये आले आणि त्यातले किती ठेवायचे, कशासाठी ठेवायचे हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं, मग ते उडणारच ना.

एटीएम गुल्लक घेऊ नका. माझ्या भाचीकडे होती, तीही सहाचीच होती तेव्हा. दहाची नोट फटीशी धरली की मोटर घर्रर्र करून नोट आत ओढते, पोरगी खूश. तिसऱ्या दिवशी पाहतो तर वहीचा कागद फाडून नोटेएवढे तुकडे करून तेच आत सोडून राहिली होती, कारण मशीन कागदही तेवढ्याच प्रेमाने ओढते. म्हणजे तिला मजा त्या घर्रर्रची होती, पैसे साठण्याची नव्हती. वर डबा बंद, आत किती झाले ते दिसत नाही, पुढे सेल उतरले आणि ती वस्तू कपाटावर गेली. या वयात जे डोळ्यांना दिसत नाही ते मुलासाठी जवळजवळ नसतंच, म्हणून बँकेतलं खातंही त्याला काही शिकवणार नाही. खातं वाईट नाही, जरूर उघडा, पण ते तुमच्या सोयीसाठी. १० वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकच चालवतात, दहानंतर बँका मुलाला स्वतः चालवू देऊ शकतात, रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये तसं स्पष्ट केलंय. तोवर त्याच्यासाठी पासबुक म्हणजे आईच्या पर्समधली एक वही.

मातीची गुल्लक मला स्वतःला फार आवडते, पण ती फोडल्याशिवाय उघडत नाही आणि सहा वर्षांच्या पोराला "दिवाळीला फोडू" म्हणजे कधीच नाही असं वाटतं. आठ-नऊचा झाला की घ्या. व्यापारचंही तसंच, त्यातले हजारोंचे आकडे त्याला नुसते रंगीत कागद वाटतील, मोठी माणसं त्याच्या वतीने खेळतील आणि तो कंटाळून उठेल.

मग घ्यायचं काय? झाकणाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, हात आत जाईल एवढ्या तोंडाची, काचेची नको. आणि तिच्यासोबत ५ रुपयांची नाणी. फक्त पाचचीच, सुरुवातीला एक-दोन रुपये मिसळू नका. कारण सांगतो. या वयाच्या मुलासमोर एका हातात दहाचं एक नाणं आणि दुसऱ्या हातात एक-एकची पाच नाणी धरून पाहा, बरीच मुलं पाचवालाच हात धरतात, जास्त दिसतात म्हणून. एक आणि दोनची नाणी तर बऱ्याच मुलांना पटकन वेगळी ओळखूही येत नाहीत. सगळी नाणी सारखी असली की मोजणं हेच गणित होतं, जास्त नाणी म्हणजे खरंच जास्त पैसे.

आता हे चालवायचं कसं ते नीट सांगतो, कारण खरी गोष्ट बरणीत नाही, शनिवारात आहे. दर शनिवारी त्याच्या हातात चार नाणी द्या, म्हणजे २० रुपये. एक त्याचं मोकळं, त्याने त्याचं चॉकलेट घ्यावं नाहीतर काहीही घ्यावं, तुम्ही बोलायचं नाही. उरलेली तीन तो स्वतः बरणीत टाकेल. पहिली वस्तू ६० रुपयांचीच ठरवा, खेळण्यातली गाडी असो की स्केचपेन, पण त्यानेच निवडलेली. साठ म्हणजे १२ नाणी, म्हणजे चार शनिवार. कागदावर १२ गोल काढून तो बरणीला चिकटवा, नाणं टाकलं की त्याने एक गोल रंगवायचा. पहिल्या शनिवारी तीन गोल रंगतात, नऊ कोरे राहतात, आणि हे त्याला न सांगता कळतं. चौथ्या शनिवारी बरणी उघडून त्यानेच मोजायचं, गोकुळपेठेत नाहीतर तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन नाणी त्यानेच काउंटरवर ठेवायची. दुकानदाराला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो घाईत "मॅडम, फोनवरून करून टाका" म्हणेल आणि महिन्याची मेहनत जाईल बाप्पा! आपण सगळेच फोनवरून पैसे देतो, त्यामुळे पैसा हातातून जाताना या पोरांना कधी दिसतच नाही, म्हणून हा काउंटरचा क्षण सोडू नका.

दुसरी वस्तू १२० ची ठेवा, आठ शनिवार. पहिल्यांदाच आठ आठवड्यांची ठेवली असती तर तिसऱ्या आठवड्यात त्याने नाद सोडला असता, मी दोन-तीन घरांत हेच होताना पाहिलं आहे.

बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा आपल्याकडूनच. ऑटोवाल्याला सुट्टे नाहीत म्हणून बरणीतून चार नाणी काढली आणि परत टाकायची राहिली. तुम्हाला ते वीस रुपये वाटतात, त्याने मात्र मोजलेले असतात, आणि मग त्याला एकच कळतं की ठेवलेले पैसे जातात, आधीच खाल्लेलं बरं. घ्यावेच लागले तर त्याला विचारून घ्या, तो नाही म्हणाला तर घेऊ नका. दुसरं, आजोबांनी प्रेमाने मधेच पन्नासची नोट टाकली की गोलांचा हिशोब मोडतो, थांबण्यात अर्थ राहत नाही. वाढदिवसाची पाकिटं येतील त्यांचंही तेच, तो पैसा खात्यात टाका, पण भरायला त्याला बँकेत सोबत न्या. तिसरं, अभ्यास केला की नाणं, दूध प्यायलं की नाणं, हे तर अजिबात नको, दोन महिन्यांत तो बूट घालायचे पैसे मागेल.

काही पालक "बरणीत ठेवलेस तर आई व्याज देईल" असंही करतात. सहाव्या वर्षी मी नको म्हणतो. आठवड्याला दहाला एक रुपया दिला तर तो आठवड्याला १० टक्के झाला, असं व्याज कोणतीच बँक देत नाही, आणि चुकीचा अंदाज एकदा डोक्यात बसला की तो काढायला वेळ लागतो.

खर्चाचं म्हणाल तर बरणी शे-दीडशेत येईल, २० रुपयांप्रमाणे वर्षभराचे ५२ शनिवार १०४० चे होतात. बाराशेच्या आत सगळं आटोपतं, उरलेले आठशे खातं उघडताना भरा. पाचची नाणी किराणावाल्याकडून नाहीतर बँकेच्या शाखेतून आधीच आणून ठेवा, कारण एखाद्या शनिवारी "आज सुट्टे नाहीत" झालं की त्याचा विश्वास हलतो.

जमून राहिलं की नाही हे बरणी किती भरली त्यावरून पाहू नका. दुकानात काही आवडलं आणि त्याने रडण्याऐवजी "आई, याला किती शनिवार लागतील?" असं विचारलं की समजा जमलं. पुढच्या तान्ह्या पोळ्याला बोजारा आला की आधी तो त्यालाच जमिनीवर मांडू द्या, त्यातून मोकळे किती, बरणीत किती आणि खात्यात किती ते त्याला ठरवू द्या, तुम्ही फक्त बाजूला बसा.