वॉरफरिन चालू असताना काढलेला प्रोटीन सी आणि एसचा रिपोर्ट

प्रश्न: ताईला (वय ३१) बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी डाव्या पायाच्या शिरेत गुठळी झाली. आधी इंजेक्शनं दिली, आता फक्त वॉरफरिन चालू आहे. काल ‘थ्रोम्बोफिलिया प्रोफाइल’ आला: अँटिथ्रॉम्बिन ९६%, प्रोटीन सी ४१%, फ्री प्रोटीन एस ३४%, आयएनआर २.६. दोन्ही प्रोटीन लाल अक्षरात ‘कमी’ दाखवलीत. हा दोष आमच्या घराण्यात आहे का? मी २७ वर्षांची आहे, गर्भनिरोधक गोळ्या घेते. मीही तपासून घेऊ का?

उत्तर:

या रिपोर्टवरून घराण्याबद्दल काहीच ठरवता येणार नाही. त्यातला अँटिथ्रॉम्बिनचा आकडा तेवढा मानायचा आणि तो चांगला आहे. उरलेले दोन आकडे वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने खाली आणलेत. मी रक्तविकारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि अगदी असाच रिपोर्ट घेऊन आलेली घाबरलेली कुटुंबं माझ्यासमोर वारंवार बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेला शरीराने स्वतःचे ब्रेक दिलेले आहेत. अँटिथ्रॉम्बिन हा त्यातला एक. तो थ्रॉम्बिन या गुठळी बनवणाऱ्या प्रथिनाला आणि रक्त गोठवणाऱ्या क्रमांकित घटकांपैकी दहाव्याच्या सक्रिय रूपाला चिकटून त्यांना निकामी करतो. हेपॅरिनचं इंजेक्शन याच अँटिथ्रॉम्बिनचा वेग प्रचंड वाढवून काम करतं. प्रोटीन सीची वाट वेगळी आहे. थ्रॉम्बिन रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या थ्रॉम्बोमोड्युलिनला जोडला गेला की तो गोठवण्याऐवजी प्रोटीन सीला जागं करतो. मग प्रोटीन सी पाचव्या आणि आठव्या घटकांची सक्रिय रूपं तोडून टाकतं. या कामात त्याला प्रोटीन एसची साथ लागते, आणि रक्तातल्या एकूण प्रोटीन एसपैकी जो साधारण ४०% भाग मोकळा असतो तोच ही साथ देतो. रिपोर्टवर ‘फ्री’ लिहिलंय ते त्यासाठी.

आता ताईंच्या आकड्यांकडे या. वॉरफरिन यकृतातलं व्हिटॅमिन केचं काम अडवतं. गोठवणारे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक त्यावर अवलंबून असतात आणि ते कमी करणं हाच तर गोळीचा हेतू. पण प्रोटीन सी आणि एससुद्धा त्याच व्हिटॅमिनवर तयार होतात, त्यामुळे तीही उतरतात. अँटिथ्रॉम्बिनला व्हिटॅमिन के लागत नाही, म्हणून ते ९६% वर जागच्या जागी आहे. वॉरफरिनचा परिणाम मोजणारा आयएनआर २.६, सी आणि एस दोन्ही निम्म्याच्या खाली, अँटिथ्रॉम्बिन नॉर्मल: वॉरफरिन नीट लागू पडलेल्या कुठल्याही माणसाचं चित्र हेच असतं. सी आणि एस दोन्हींचा आनुवंशिक दोष एकाच व्यक्तीत असणं फार दुर्मीळ, त्यामुळे दोन्ही एकत्र कमी दिसली की मी आधी औषधाचा कागद मागते.

ताईंच्या बाबतीत प्रोटीन एस खाली यायला आणखी एक कारण असू शकतं. गरोदरपणात ते आपोआप बरंच उतरतं आणि बाळंतपणानंतर पूर्ववत व्हायला काही आठवडे घेतं. शिवाय ताजी गुठळी बनताना ही तिन्ही प्रथिनं खर्ची पडतात, आणि हेपॅरिनवर असताना अँटिथ्रॉम्बिनही कमी दिसू शकतं. म्हणूनच गुठळीच्या पहिल्या दिवसांत हा सगळा प्रोफाइल पाठवायची पद्धत मला पटत नाही. त्या दिवसांतला उपचार या आकड्यांवर ठरत नाही आणि चुकीचं लेबल मात्र घरभर चिकटतं.

सुरुवातीला इंजेक्शनं आणि गोळ्या काही दिवस बरोबरीने दिल्या असतील, त्याचं कारणही इथेच आहे. प्रोटीन सीचं अर्धायुष्य साधारण आठ तासांचं, तर गोठवणाऱ्या दुसऱ्या क्रमांकाच्या घटकाचं अडीच-तीन दिवसांचं. वॉरफरिन सुरू केल्यावर आधी ब्रेक उतरतो आणि गोठवणारा मुख्य घटक नंतर. मधल्या काळात हेपॅरिनचं संरक्षण नसेल, तर जन्मतःच प्रोटीन सी कमी असलेल्या माणसात त्वचेतल्या बारीक वाहिन्या बंद होऊन कातडी काळी पडू शकते. ताईंना गोळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात असे दुखरे काळे-निळे चट्टे उठले होते का, हे विचारून डॉक्टरांना जरूर सांगा. एखाद्या लाल आकड्यापेक्षा ती माहिती जास्त बोलकी ठरेल.

खरी तपासणी कधी करायची? त्यासाठी वॉरफरिन मध्येच थांबवायचं नाही, हे अगदी निक्षून सांगते. बाळंतपणानंतरच्या गुठळीला बहुधा किमान तीन महिने उपचार असतो. तो संपला आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली की निदान चार आठवडे जाऊ द्यावेत आणि मग तिन्ही पुन्हा तपासावीत. तेव्हा प्रोटीन सी, समजा, ९८% आणि फ्री प्रोटीन एस ८२% आलं, तर विषय मिटला. सी ९५% आणि एस एकटंच ३६% आलं, तर काही आठवड्यांनी आणखी एकदा नमुना द्यावा, आणि दुसऱ्यांदाही तसंच आलं तरच दोष म्हणावं. एका पालकाकडून सदोष जनुक आलेल्या माणसात पातळी साधारण निम्म्यावर असते. दरम्यान गोळी बदलून रिव्हारोक्सॅबॅनसारखी दिली गेली, तर प्रयोगशाळेला ते कळवा. त्या औषधांनी काही चाचण्यांत पातळी खऱ्यापेक्षा जास्त दिसते आणि दोष झाकला जातो.

आता तुमच्याबद्दल. ताईंचा दोष सिद्ध झाला, तर तुमच्यात तो असण्याची शक्यता निम्मी. पण सध्या तुम्ही तपासणी केली तर तुमचाही आकडा फसवेल, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या प्रोटीन एस कमी करतात.

आणि माझ्या मते तुमचा निर्णय प्रयोगशाळेसाठी अडवून ठेवू नये. सख्ख्या बहिणीला तरुण वयात, बाळंतपणाच्या काळात गुठळी झाली, एवढ्यानेच तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त धरला जातो. सगळ्या चाचण्या नॉर्मल आल्या तरी तो पूर्ण जात नाही, कारण ज्ञात दोष न सापडताही काही घराण्यांत गुठळ्या होतात. तेव्हा याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना ताईंची हकीकत सांगा आणि इस्ट्रोजेन नसलेला पर्याय मागा: तांबी, किंवा फक्त प्रोजेस्टेरॉनची गोळी. पर्याय हाती येईपर्यंत काय वापरायचं, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.

तोवर एका पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली, किंवा धाप लागून छातीत दुखलं, तर भेटीची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा, आणि गोळ्यांचं नाव व ताईंची गुठळी या दोन गोष्टी तिथे पहिल्याच वाक्यात सांगा.