आधी बरोबर काय ते सांग

प्रिय,

पॉडकास्टच्या मागच्या भागात पानशेत धरणाबद्दल तुझं जे चुकलं, त्याच्या दुरुस्तीचा तुझा मसुदा मी घड्याळ लावून मोठ्यानं वाचला. दीड मिनिट लागलं. त्यात 'दिलगीर' तीनदा आलं, 'खूप वाईट वाटलं' दोनदा आलं, आणि पानशेतचं नाव पहिल्यांदा आलं ते बावन्नाव्या सेकंदाला. तोवर ऐकणारा माणूस कुकरच्या शिट्ट्या मोजत असेल किंवा सिग्नलला थांबलेला असेल. नेमकं काय चुकलं हे त्याला कळलेलंच नसेल, फक्त तुला वाईट वाटतंय एवढं कळेल. मग तो तुझी समजूत काढायच्या मूडमध्ये जातो आणि धरण राहतं बाजूला.

तुझा दुसरा, छोटा मसुदा त्याच्या अगदी उलट आहे. 'मागच्या भागातल्या एका मुद्द्याबाबत थोडी स्पष्टता.' यात कुणी काय म्हटलं होतं? 'स्पष्टता' हा शब्द, बाई, आमच्या न्यूजरूममध्येही चूक झाकायलाच वापरला जायचा. मीही वापरलाय.

आता मूळ चुकीकडे ये. पानशेत हे इंग्रजांच्या काळातलं जुनं दगडी धरण होतं आणि जीर्ण झाल्यामुळे फुटलं, असं तू म्हणालीस. खरं म्हणजे 1961 साली पानशेतचं धरण नवंकोरं होतं, मातीचं होतं आणि त्याचं काम अजून पुरं व्हायचं होतं. जुनं, दगडी, एकोणिसाव्या शतकातलं होतं ते खालच्या बाजूचं खडकवासला. पानशेतचा लोंढा आल्यावर तेही फुटलं. तू दोन धरणांची अदलाबदल केलीस. त्यावर 'जुन्या धरणांचं काय करायचं' अशी दहा मिनिटांची चर्चाही उभी केलीस. म्हणून नुसतं 'जुनं नव्हे, नवं' म्हणून भागणार नाही. त्या चुकीवर जे बांधलं होतंस तेही उतरवावं लागेल. तुझ्या दोन्ही मसुद्यांत हे नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

मी असं लिहिलं असतं:

'आधी मागच्या भागातली एक दुरुस्ती. पानशेतचं धरण 1961 साली नवं होतं, मातीचं होतं आणि त्याचं बांधकाम चालू होतं. ते जुनं दगडी धरण होतं असं मी म्हणाले, ते चुकलं. जुनं आणि दगडी होतं ते खडकवासला. 12 जुलैला आधी पानशेत फुटलं, आणि त्याच्या पाण्यानं पुढे खडकवासला. त्यामुळे जुन्या धरणांबद्दल मी जो निष्कर्ष काढला होता, त्याला या घटनेचा आधार उरत नाही. एका श्रोत्यानं हे लक्षात आणून दिलं, त्यांचे आभार. आता आजचा विषय.'

साधारण पाऊण मिनिट. बरोबर गोष्ट आधी आली आहे, कारण कानावर जे पहिलं पडतं ते राहतं, आणि ऐकणारा मागे जाऊन वाचू शकत नाही. तिथे पानशेत-खडकवासला ही नावं पुन्हा घेतलीत, सर्वनामं टाळलीत. 'आधीचं' आणि 'नंतरचं' असं म्हटलंस तर कानाला पुन्हा घोळ. 'मी म्हणाले' असंच म्हण. 'चूक राहून गेली' म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही. माफीचा वेगळा शब्द मी घातलेला नाही. एखाद्या व्यक्तीबद्दल चुकीचं बोलली असतीस तर तिची माफी एकदा, नाव घेऊन मागायला हवी होती. आणि 'जीभ घसरली' म्हणू नकोस, कारण तसं झालं नव्हतं. तुझ्या टिपणातच चूक होती.

हे पुढच्या भागाच्या सुरुवातीला, शीर्षकसंगीत संपल्यावर, पार्श्वसंगीताशिवाय. रेकॉर्ड करताना बातमी वाचतेस तसा आवाज लावू नकोस, नेहमीचाच ठेव.

जुन्या भागाचं काय, हे तू विचारलंच होतंस. मधलं वाक्य गुपचूप कापून नवं चिकटवू नकोस. आवाजाचा पोत जुळत नाही, ते एक. पण त्याहून मोठं म्हणजे ज्यांनी आधी ऐकलं त्यांना काही कळतच नाही. जुन्या भागाच्या अगदी सुरुवातीला हीच दुरुस्ती जोड, फक्त 'मागच्या भागातली' ऐवजी 'या भागातली' म्हणून वेगळी रेकॉर्ड कर. फाइल बदल आणि चूक कितव्या मिनिटाला आहे ते भागाच्या वर्णनात लिही. ज्यांच्या फोनवर तो आधीच उतरवलेला आहे, त्यांच्याकडे बदललेली फाइल बहुधा आपोआप जाणार नाही. पुढच्या भागातली दुरुस्ती त्यांच्यासाठी आहे.

रेकॉर्ड करण्याआधी एकदा तुझ्या आईला फोनवर वाचून दाखव, आणि मग विचार, 'कुठलं धरण आधी फुटलं?' ती अडखळली तर मसुदा परत लिही.

तुझा,
सर