शतचंडी पाच दिवसांची, बाथरूम दोन

मावशी, सासूबाईंचा नवस आहे, डिसेंबरमधे सांगलीच्या घरी पाच दिवसांची शतचंडी करायचीय. मोठे दीर पैसे देतायत पण 3 लाखांच्या वर एक रुपया नाही म्हणालेत. केटरर म्हणतो रोज 150 ताटं धरा, 250 रुपये ताट. गुरुजींची दक्षिणा 11 जणांची मिळून 1 लाख 10 हजार, शिवाय साहित्याची चार पानी यादी. नवरा म्हणतो पाच दिवस हॉलच घेऊन टाकू, जाऊबाई म्हणतात बाहेरगावचे 28 जण पाचही दिवस घरीच उतरतील. घरात बाथरूम दोन. मी सुरुवात कुठून करू?
– धाकटी सून, सांगली

अगं, केटररला आधी बाजूला ठेव, सुरुवात गुरुजींपासून कर, आणि दक्षिणेवरून नको तर पाठ कसे लावणार ते विचार. शतचंडीत सप्तशतीचे 100 पाठ असतात आणि 10 ब्राह्मण बसले की ते बरेचदा वाढत्या क्रमाने लावतात, पहिल्या दिवशी प्रत्येकी 1, दुसऱ्या दिवशी 2, मग 3, मग 4, म्हणजे 10, 20, 30, 40 मिळून 100 झाले आणि पाचव्या दिवशी हवन. अकरावे तुमचे आचार्य. काही गुरुजी रोज सारखे पाठ लावतात, तसं असेल तर पुढचं थोडं बदलेल, पण हे कळल्याशिवाय जेवण किती वाजता आणि किती माणसांचं हे कुणालाच सांगता येणार नाही, तुझ्या केटररला तर नाहीच.

आता बघ, सवयीच्या माणसाला कवच-अर्गला-कीलकासकट एका पाठाला साधारण दीड तास धर. पहिल्या दिवशी पाठ एकच असला तरी त्याआधी पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, ब्राह्मणांचं वरण म्हणजे त्यांची रीतसर नेमणूक, देवतांच्या पीठांची स्थापना हे सगळं असतं, त्यामुळे सकाळी 7ला बसलात तरी 1 सहज वाजतो. दुसरा दिवस हलका, साडेअकरा-बारापर्यंत मोकळे. तिसऱ्या दिवशी 1. आणि चौथ्या दिवशी चार पाठ म्हणजे सहा तास फक्त वाचन, मधे दूध-कॉफीला थांबले की दुपारचे 3 वाजले, आणि गंमत म्हणजे शनिवार असल्यामुळे नेमके त्याच दिवशी पाहुणे उतरायला लागलेले असतात, त्यात डायबिटीसवाले काका, दोन लेकरं, आणि सगळे गुरुजी उठायची वाट बघतायत. बरीच घरं इथेच अडकतात. गुरुजींना आत्ताच विचार की चौथ्या दिवशी तीन पाठ सकाळी आणि एक संध्याकाळी चालेल का, नाही म्हणाले तर नैवेद्य साडेबाराला दाखवून बाकीच्यांची पंगत उरकून घ्यायची, ब्राह्मणांची नंतर. पण हे आधी ठरलेलं हवं, ऐनवेळी सासूबाई "ब्राह्मण जेवल्याशिवाय कसं" म्हणाल्या की कुणी ताटावर बसणार नाही.

मी वरती शनिवार म्हटलं कारण बुधवार ते रविवार असं धरलंय. हवन रविवारी आलं की नोकरीवाल्यांची सोय होते. गुरुजी त्या दिवसाचा अग्निवास वगैरे पंचांगात बघतील, जो रविवार जमेल त्याच्या मागे चार दिवस मोजून सुरुवात ठरवायची.

आता ताटं. केटररच्या हिशोबाने 750 ताटं, 1 लाख 87 हजार, दक्षिणा मिळवली की तुझे 3 लाख तिथेच संपले बघ. पण बुधवारी 150 माणसं येणार कुठून? बुधवार, गुरुवार 35-35, शुक्रवारी 40, शनिवारी 70, म्हणजे चार दिवसांची मिळून 180 पानं, गुरुजी आणि घरचे धरून. खरी गर्दी रविवारी, 200. तर केटरर फक्त रविवारचा सांग, पदार्थ वाढले की ताट 260ला जाईल, 52 हजार झाले. आधीचे चार दिवस घरी आचारी लाव, दोन मदतनिसांसह, रोजचे साडेतीन हजार धरले तर 14 हजार, किराणा-भाजी-गॅस माणशी 90 रुपयांनी 16 हजार, आणि सकाळचा चहा-कॉफी, दूध, फळं, रात्रीचं साधं खाणं याला 10 हजार. सगळं मिळून 92 हजारात बसतं. सांगलीत तुला आचारी याच्यापेक्षा थोडा वर-खाली मिळेल, पण निम्म्याचा फरक आहे हे नक्की.

आचाऱ्याला तीन गोष्टी स्पष्ट सांग. कांदा-लसूण पाचही दिवस घरात येणार नाही, मसाल्याच्या तयार वाटणातूनसुद्धा नाही. नैवेद्याचं पान तू किंवा जाऊबाई सोवळ्यात वेगळं करणार. आणि अनुष्ठानात बरेच गुरुजी एकभुक्त असतात, रात्री फळं नाहीतर फराळाचं एवढंच घेतात, तर 11 जणांचा रात्रीचा स्वयंपाक न विचारता करायला घेऊ नकोस, पातेलंभर भात फेकायची वेळ येते.

हॉलचं म्हणशील तर नवऱ्याला एवढंच सांग की एकदा पीठं मांडली, कलश बसला, अखंड दीप लागला की पाच दिवस ते हलवता येत नाही, आणि दिव्याजवळ रात्री कुणीतरी घरचं लागतं. म्हणजे हॉल घेतलात तर दिवस-रात्र घ्यावा लागेल आणि लग्नाच्या सीझनला तो तुम्हाला सलग पाच दिवस देणार कोण! पाठाला 12 बाय 14ची खोली पुरते, एका बाजूला देवी आणि पीठं, समोर दोन ओळींत दहा आसनं आणि पोथीचे पाट. खोलीतला सोफा आणि टीव्हीचं कपाट मंगळवारी दुपारीच बाहेर काढायचं, बुधवारी सकाळी नाही.

हवन मात्र खोलीत नको, अंगणात घ्या. दशांश हवन म्हणजे दहा जणांनी सातशे-सातशे आहुत्या, तासन् तास आग पेटती राहते. फरशीवर थेट कुंड ठेवलं तर फरशी तडकते, म्हणून खाली वाळूचा जाड थर आणि त्यावर विटा. मांडववाला कापडी झालर लावायला बघेल, कुंडाच्या वर कापड अजिबात नको, तेवढा भाग मोकळा सोडा किंवा उंचावर पत्रा घाला, आणि धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत जाणार असेल तर त्यांना आधी जाऊन सांगून या. मांडव, 100 खुर्च्या, टेबलं, मोठी भांडी याला 20 हजार धर.

यादीची चार पानं बघून घाबरू नकोस, एक पेन घे आणि तिचे तीन भाग कर. घरात किंवा शेजारी असणारं, म्हणजे चौरंग, पाट, समया, ताम्हणं, पराती, यावर सरळ काट मार. दुकानातून एकदाच आणायचं, म्हणजे सुपाऱ्या, हळकुंडं, खारका-बदाम, तांदूळ-गहू, तीळ, समिधा, खण, नारळ, कोहळा. आणि रोज ताजं लागणारं, फुलं, हार, बेल, दुर्वा, विड्याची पानं, दूध-दही, याला माणूस नेम, भाच्याला गाडी देऊन रोज सकाळी 6ला मार्केटला पाठव. दुकानातल्या सामानाला 25 हजार आणि रोजच्या फुला-पानांना 10 हजार असा माझा अंदाज. तूप आणि तीळ किती हे गुरुजींकडून किलोत लिहून घे, "लागेल तेवढं" हे उत्तर घेऊ नकोस. "पूजेचं तूप" म्हणून स्वस्त डबे मिळतात ते हवनाला आणू नका, आहुती पडली की कडवट काळा धूर येतो आणि डोळे चुरचुरतात, आणि तो डबा चुकून स्वयंपाकघरात गेला तर अजून वाईट.

यादीत पुसटसं कुठेतरी "वरणी साहित्य" लिहिलेलं असेल. ते लहान वाटतं पण 11 जणांचं धोतर, उपरणं, आसन, पळी-पंचपात्र असतं, माणशी हजार धर म्हणजे 11 हजार. हे दक्षिणेत धरलंय की वेगळं, आणि साहित्य गुरुजी आणणार की तुम्ही, हे दोन प्रश्न फोनवरच विचारून टाक, ते रागावत नाहीत गं, त्यांनाही तेच बरं पडतं. दक्षिणेत मात्र घासाघीस करू देऊ नकोस, पाच दिवस पहाटेपासून दुपारपर्यंत बसतात ती माणसं.

आता 28 जण. जाऊबाईंचा जीव मोठा आहे पण बाथरूम दोनच आहेत, आणि गुरुजींच्या आंघोळी पहाटे 5ला, डिसेंबरात गरम पाण्याने, मग यजमान, मग आचारी. गावातले गुरुजी घरून आवरून येतील, बाहेरगावचे किती ते विचार. समज चार आहेत, तर त्यांना मंगळवार रात्रीपासून पाच रात्री जवळच्या लॉजवर दोन खोल्या, दीड हजाराने 15 हजार, गीझर पहाटे चालू असतो का हे स्वतः जाऊन बघ. आणि पाहुण्यांना पत्रिकेत शनिवार संध्याकाळचं बोलाव. बुधवार ते शुक्रवार बघायला काही नसतं, पाठ चालू असताना तिथे बोलताही येत नाही, मग माणसं स्वयंपाकघरात येऊन बसतात. शनिवारी एक रात्र, 12 जण चुलत्यांकडे आणि शेजारच्या रिकाम्या फ्लॅटवर, 16 जण लॉजवर सहा खोल्यांत, 1,800ने 10,800. घरात झोपायला फक्त तुम्ही, सासूबाई आणि दिव्याजवळचे दोघं. खोल्या तुळशीचं लग्न होण्याआधीच धरून ठेव, नंतर वऱ्हाडं येतात.

हे सगळं मांडलं तर 2 लाख 94 हजार होतात. बसतंय, पण श्वास घ्यायला जागा नाही, आणि कुमारिका-सुवासिनींच्या ओट्या अजून यात धरलेल्याच नाहीत. म्हणून रविवारचे 200 चे 150 कर, नवऱ्याच्या ऑफिसच्या लोकांना नंतर घरी चहाला बोलाव, 13 हजार वाचतात आणि हातात 19 हजार राहतात. वही एकच आणि पैसे देणारा हात एकच ठेव, दीर नाहीतर तू, दोघंही नाही.

केटररला ताटांचा पक्का आकडा चार दिवस आधी द्यायचा, 130 ची हमी आणि 20 वाढीव असं लिहून घे. अ‍ॅडव्हान्स देताना तारीख बदलली तर पैसे पुढच्या तारखेला वळते होतील हेही पावतीवर लिहून घे, कारण वरण व्हायच्या आधी सुतक आलं तर सगळं पुढे ढकलावं लागतं. वरण झाल्यावर आलं तर शास्त्राप्रमाणे सुरू झालेलं कर्म थांबत नाही, तरी गुरुजींचं मत आधी विचारून ठेवलेलं बरं.

पत्रिकेवर "दुपारी 12 वाजता महाप्रसाद" असं छापू नका हं. हवन सकाळी साडेसातला सुरू झालं तरी बलिदान, पूर्णाहुती व्हायला साडेबारा, मग आरती, कुमारिकापूजन, पहिली पंगत सव्वा वाजता. "पूर्णाहुती 12.30, नंतर महाप्रसाद" असं छाप, आणि ज्या नऊ मुलींना कुमारिका म्हणून बसवणार त्यांच्या आयांना सांग की सकाळी दूध-केळं देऊन आणा, नाहीतर पाय धुवायच्या वेळी त्या रडत असतात.