घुमट आरतीच्या कोर्सला व्हिडिओ होस्टिंगचा प्लॅन

प्रश्न: मी फोंड्याला घुमट आरतीचा ऑनलाइन कोर्स काढतोय. १० तासांचे व्हिडिओ आणि साधारण १५० विद्यार्थी. महिन्याला १ टीबी बँडविड्थचा प्लॅन पुरेल का? त्यात डोमेन लॉक आहे, म्हणजे व्हिडिओ कुणी उतरवून घेणार नाही ना?

उत्तर:

७२० पी व्हिडिओ सेकंदाला साधारण दीड मेगाबिट खातो, म्हणजे तासाला सुमारे ६७५ एमबी. १० तासांचे झाले पावणेसात जीबी. १५० जणांनी प्रत्येकी एकदा बघितलं की तुमचा १ टीबी तिथेच संपला. घुमट शिकणारा तर तोच हात चार वेळा मागे नेऊन बघणार. शिवाय तुमचे विद्यार्थी वर्षभर सारखे येणार नाहीत, चवथीच्या आधीच्या महिन्यात सगळे एकदम बसतील. त्या महिन्यात ३ टीबी धरून चाला. म्हणून महिन्याची मर्यादा असलेल्या प्लॅनपेक्षा वर्षाचा एकत्र कोटा किंवा वापराप्रमाणे बिल बरं. मर्यादा ओलांडली की व्हिडिओ बंद पडतो की जादा बिल येतं, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या. ऐन चवथीत प्लेअर काळा पडला तर फोन तुम्हालाच येणार.

प्रेक्षक-मर्यादेची फार काळजी नको. एका वेळी किती जण, ही अट मुख्यतः लाइव्ह वर्गाला जाचते.

आता डोमेन लॉक. मागणी कुठल्या वेबसाइटवरून आली एवढंच तो बघतो. तुमचा प्लेअर उचलून दुसऱ्याच्या साइटवर चिकटवला तर व्हिडिओ चालत नाही, इतकंच त्याचं काम. पैसे भरून लॉगिन केलेला विद्यार्थी तुमच्याच पानावर असतो. त्याने ब्राउझरमध्ये डाउनलोडचं एक्स्टेंशन टाकलं तर लॉक त्याला कशाला अडवील?

ट्रायल घेऊन स्वतः तपासा. क्रोममध्ये व्हिडिओचं पान उघडा, F12 दाबा, Network उघडून पान रिफ्रेश करा, व्हिडिओ लावा, यादीत m3u8 असलेली व्हिडिओची लिंक शोधा आणि ती दुसऱ्या दिवशी व्हीएलसीत उघडा. चालली, तर लिंकला मुदत नाही आणि ती व्हॉट्सॲपवर फिरू शकते. थेट mp4 दिसली, तर तो प्लॅन सोडाच. मुदत संपणारी सही केलेली लिंक हवीच. त्यापुढची पायरी डीआरएम: क्रोम आणि अँड्रॉइडला वाइडवाइन, ॲपलला फेअरप्ले. त्यात फाइल कूटबद्ध असते आणि बऱ्याच फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंगही काळं येतं. पण समोर दुसरा फोन धरून शूट करणाऱ्याला तेही थांबवत नाही. त्यासाठी व्हिडिओवर विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर हलता दिसू द्या.

तुमच्या कोर्सची फी हजार-दीड हजार असेल तर मी डीआरएमवर खर्च करणार नाही. मुदतीची लिंक आणि तो हलता नंबर, एवढ्यावर भागवीन. आणि लॉकमध्ये डोमेन टाकताना www असलेला व नसलेला, दोन्ही पत्ते घाला. नाहीतर निम्म्यांना व्हिडिओ दिसेल, निम्म्यांना दिसणार नाही.